मार्कशीटवर U, दहावीवर O: चूक कुठल्या कागदावर जन्मली ते आधी शोध

नमस्कार मावशी,

मी फोंड्याला राहते. यंदा टीवाय बीएस्सी झाले. पुढं एमएस्सीसाठी आयर्लंडला जायचं घाटतंय, म्हणून पासपोर्टचा अर्ज भरायला घेतला. तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की माझ्या सहाही सेमिस्टरच्या मार्कशीटवर आडनाव GAUNKAR छापलंय. जन्मदाखला, दहावी, बारावी, आधार, सगळीकडे GAONKAR आहे. तीन वर्षं माझ्या नजरेलाच आलं नाही. कॉलेजात विचारलं तर काउंटरवर सांगितलं, ॲफिडेव्हिट कर, गॅझेटमध्ये नाव छापून आण, मग बघू. आई म्हणते, मार्कशीट नीट झाल्याशिवाय पासपोर्टला हात लावू नको. चुलतभाऊ म्हणतो, मार्कशीटवर आहे तेच स्पेलिंग पासपोर्टवर घाल, शेवटी पदवीच महत्त्वाची. विद्यापीठाला पत्र लिहायचं तर कुणाला आणि काय लिहायचं? आणि पासपोर्टचं काय करू?

— एक विद्यार्थिनी, फोंडा

बाय,

पासपोर्टचा अर्ज आजच भर, आणि तो GAONKAR याच स्पेलिंगनं भर. मार्कशीटसाठी थांबू नकोस. दोन्ही कामं एकाच वेळी चालू देत, कारण ती एकमेकांवर अडलेली नाहीत. आईला वाटतं तशी ती अडलेली असती तर गोष्ट वेगळी होती.

पासपोर्टला तुझ्याकडून लागतं काय? जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, आणि एक तिसरी गोष्ट, जिथं शिक्षणाचा संबंध येतो. दहावी न झालेल्या माणसाला काही ठरावीक देशांत नोकरीला जाताना १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली वेगळी परवानगी घ्यावी लागते. दहावी पास असलं की त्यातून सूट. पासपोर्टच्या अर्जात ‘नॉन-ईसीआर’ म्हणून जे विचारतात ते हेच. त्याला पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्र पुरतं. तू पदवीधर आहेस ते अर्जात खुशाल लिही, खरंच आहे ते. पण त्यासाठी बीएस्सीची मार्कशीट पुढं करायची गरज नाही. जन्मतारखेच्या पुराव्याचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मदाखलाच लागतो. तू त्याआधीची, तुला जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, दोन्ही चालतात. तुझे दोन्ही जुळतात. पासपोर्टसाठी पणजीला जाशील तेव्हा मूळ कागद घेऊन जा आणि दोन्ही बरोबर ठेव.

अर्जात दोन प्रश्न आहेत, तिथं पोरं घाबरतात. दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखले जाता का, आणि कधी नाव बदललंय का. तू नाव बदललेलं नाहीस. छापखान्यात किंवा टायपिंगमध्ये एक अक्षर चुकणं म्हणजे नाव बदलणं नव्हे. तेव्हा उत्तर सरळ आहे. आणि भावाला सांग, पासपोर्टवर GAUNKAR घालायचं तर त्याला आधार देणारा एकही मूळ कागद तुझ्याकडे नाही. उलट पासपोर्टच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. एक चूक झाकायला आधार, बँक, दहावी, सगळंच त्या चुकीसारखं करत बसशील, आणि दहावी काही तशी होणार नाही.

आणखी एक बघून ठेव. अर्जात आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा असतो. मार्कशीटवर बहुतेक आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं नाव असा क्रम असतो. क्रम वेगळा असणं ही चूक धरत नाहीत, त्याची दुरुस्ती मागायला जाऊ नकोस. दहावीच्या प्रमाणपत्रावर मधे बाबांचं नाव असेल तर पासपोर्टमध्ये ते तुझ्या नावाच्या रकान्यातच, तुझ्या नावापुढं घाल. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव.

आता मार्कशीट. पत्र लिहिण्याआधी एक काम कर, आणि हे काम तुला कुणी सांगणार नाही. चूक कुठल्या कागदावर पहिल्यांदा झाली ते शोध.

नाव हे एका कागदावरून दुसऱ्यावर उतरत जातं. जन्मदाखल्यावरून शाळेच्या जनरल रजिस्टरात, तिथून पर्वरीच्या बोर्डात, म्हणजे दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रावर. बारावीवरून कॉलेजच्या प्रवेशअर्जात, तिथून विद्यापीठाच्या नोंदणीत, जिथं तुला पीआर नंबर मिळाला. आणि त्या नोंदणीतून पुढची प्रत्येक मार्कशीट. विद्यापीठ प्रत्येक सेमिस्टरला तुझं नाव नव्यानं लिहीत नाही, नोंदणीतलं उचलतं. तुझ्या सहाही मार्कशीटवर एकच चूक आहे, याचा अर्थ ती पहिल्या वर्षाच्या नोंदणीतच शिरली. पाच बरोबर आणि एकच चुकीची असती तर मी म्हणाले असते, ती छपाईची चूक. तशी नाही.

मी तेहतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली, त्यातली बरीच प्रवेशाच्या काउंटरवर. जुलैमध्ये बाहेर धो धो पाऊस, पोरं भिजून आलेली, फॉर्मचे कोपरे ओलसर, आणि खिडकीच्या लाकडावर टेकून एकमेकांचं पेन घेऊन लिहिताहेत. मोठ्या अक्षरांत O काढताना घाईत वरचं तोंड मिटत नाही. तोंड उघडं राहिलं की O चा U होतो. वरून आपल्याकडे दोन्ही स्पेलिंगं सर्रास दिसतात, GAONKAR ही आणि GAUNKAR ही. त्यामुळे टाइप करणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही. गोम्स किंवा फर्नांडिसच्या स्पेलिंगमध्ये असलं काही झालं तर डोळ्याला खटकतं. गावकर, नाईक, देसाई, परब यांचं मात्र तसं नाही. पोर्तुगीज काळात लिहिलेली NAIQUE, DESSAI, CAMOTIM अशी रूपं कित्येक घरांत अजून चालू आहेत, म्हणून कुठलंही स्पेलिंग बरोबरच असणार असं टायपिस्ट धरून चालतो.

तेव्हा कॉलेजात जा आणि तुझा पहिल्या वर्षाचा प्रवेशअर्ज व विद्यापीठाच्या नोंदणीचा फॉर्म दाखवायला सांग. त्याची प्रत मागायला तुला लेखी अर्ज द्यावा लागला तर दे. दोनांपैकी एक निघेल. फॉर्मवर तू O नीट लिहिला असशील आणि पुढं टाइप करताना U झाला असेल, तर चूक ऑफिसची. किंवा तुझ्याच अक्षरात तो U सारखा दिसत असेल. तसं असेल तर पत्रात तसंच लिही. ऑफिसवर ढकलू नकोस. फाईल हाताळणारा माणूस तोच फॉर्म काढून बघणार आहे, आणि पत्रातला दोष एका बाजूला नि फॉर्म दुसऱ्या बाजूला दिसला की फाईल बाजूला पडते.

हे शोधायचं खरं कारण सांगते. एका वर्षी सत्तरी तालुक्यातला एक मुलगा असाच आला होता. बीकॉमच्या मार्कशीटवर चूक, पासपोर्ट हवा, घाई. आम्ही पत्र लिहून दिलं. ते परत आलं, कारण त्याच्या दहावीच्या प्रमाणपत्रावरच तीच चूक होती आणि त्यानं ते कधी वाचलं नव्हतं. विद्यापीठ बोर्डाच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव लावतं. बोर्डाचंच चुकलेलं असेल तर विद्यापीठाच्या दारात कितीही खेटे घाला, उपयोग नाही. बोर्ड म्हणालं, शाळेचं रजिस्टर बघू. शाळेच्या रजिस्टरात पहिलीत नाव घालतानाच अक्षर चुकलं होतं. मग सगळं वरून खाली: जन्मदाखल्यावरून शाळा, शाळेच्या पत्रावरून बोर्ड, बोर्डाच्या प्रमाणपत्रावरून विद्यापीठ. त्याचं वर्ष गेलं त्यात. तुझं नशीब की तुझा बारावीपर्यंतचा कागद स्वच्छ आहे. चूक जिथं आहे तिथून खालीच दुरुस्ती करायची असते, आणि तुझ्या बाबतीत ती विद्यापीठाच्या नोंदणीपाशी सुरू होते.

म्हणूनच गॅझेट नको. काउंटरवर ज्यांनी सांगितलं त्यांनी वाईट हेतूनं सांगितलं नसेल, पण नाव बदलणं आणि नावाची चूक सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. तो रस्ता ज्याला खरंच वेगळं नाव घ्यायचंय त्याच्यासाठी. तू त्या रस्त्यानं गेलीस तर कागदावर असं दिसेल की तुझं आडनाव आधी GAUNKAR होतं आणि तू ते बदलून GAONKAR केलंस. आणि मग पासपोर्टच्या अर्जातल्या त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणावं लागेल. नसलेली भानगड ओढवून घेशील.

ॲफिडेव्हिट मात्र मागितलं तर दे. त्यात हरकत नाही, फक्त मजकूर स्वतः वाच. नोटरीकडे टाइप करणाऱ्यांकडे नाव बदलण्याचा तयार मजकूर असतो, तोच काढून देतात. त्यात ‘मी माझे आडनाव बदलले आहे’ असं वाक्य आलं की सही करू नकोस. तुझ्या ॲफिडेव्हिटमध्ये एवढंच हवं: मार्कशीटवर GAUNKAR असे छापलेली आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर GAONKAR असे असलेली व्यक्ती एकच असून ती मी आहे, आणि माझे खरे आडनाव GAONKAR असे आहे.

पत्र परीक्षा नियंत्रकांच्या नावानं लिही, पण ते प्राचार्यांमार्फत पाठव. नियमित विद्यार्थिनीचं थेट गेलेलं पत्र पडताळणीसाठी पुन्हा कॉलेजकडेच येतं. मार्कशीटच्या तळाला सही कुणाची आहे तेही बघ. एखाद्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर प्राचार्यांची सही असेल तर ती कॉलेजनं काढलेली, तिच्यासाठी वेगळा अर्ज कॉलेजलाच द्यायचा. परीक्षा नियंत्रकांची सही असलेल्या मार्कशीट या पत्रात घालायच्या. विद्यापीठाचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, तेव्हा शेवटी तू ते इंग्रजीत टाइप करशील. पण कुठलं वाक्य कशासाठी आहे ते कळावं म्हणून मी मराठीत लिहून देते.

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
गोवा विद्यापीठ, ताळगाव पठार.
(मा. प्राचार्य यांच्यामार्फत)

विषय: नोंदणीतील व मार्कशीटवरील आडनावाच्या स्पेलिंगची दुरुस्ती. पीआर क्रमांक ____

महोदय,
मी ____ महाविद्यालयातून बीएस्सीची परीक्षा ____ मध्ये उत्तीर्ण झाले. माझे आडनाव माझ्या मार्कशीटवर GAUNKAR असे छापले आहे. ते GAONKAR असे हवे. फक्त तिसरे अक्षर U च्या जागी O हवे.

माझ्या जन्मदाखल्यावर तसेच गोवा बोर्डाच्या दहावी व बारावीच्या प्रमाणपत्रांवर आडनाव GAONKAR असेच आहे. पहिल्या वर्षाच्या नोंदणी फॉर्मची प्रत सोबत जोडली असून चूक त्या वेळी झाल्याचे दिसते. मी नाव बदललेले नाही. ही केवळ स्पेलिंगची दुरुस्ती आहे.

कृपया पीआर क्रमांकाच्या मूळ नोंदणीत आडनाव दुरुस्त करावे, पुढील मार्कशीट दुरुस्त करून द्याव्यात: सेमिस्टर ____, सीट नंबर ____, आणि पदवी प्रमाणपत्र दुरुस्त आडनावाने काढावे. डिजिलॉकरवर माझी जी नोंद गेली आहे तीही त्याप्रमाणे बदलावी.

मी पासपोर्टचा अर्ज करत असून परदेशातील प्रवेशासाठी या मार्कशीट लागणार आहेत. दुरुस्तीला वेळ लागणार असल्यास, अर्ज मिळाला असून दुरुस्तीची कार्यवाही चालू आहे, असे पत्र कृपया द्यावे.

लिहिता लिहिता आपणही चुकतो. दुरुस्तीच्या पत्रातच नवी चूक असलेली मी कितीतरी पाहिली आहेत, आणि मग विद्यापीठ पत्राप्रमाणे, म्हणजे चुकीचंच, नवं छापून देतं. म्हणून दोन्ही स्पेलिंगं मोठ्या अक्षरांत टाइप कर, हातानं नको, आणि दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं अक्षर अक्षर वाचायला लाव. बाबांना लाव, त्यांचीच नजर चांगली दिसते.

पत्रात सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘मूळ नोंदणी’ हा आहे. बरेच जण फक्त मार्कशीट बदलून मागतात. मिळते सुद्धा. पण पीआर नंबराखालची नोंद जुनीच राहिली तर पदवीदानाच्या वेळी पदवी प्रमाणपत्र पुन्हा जुन्या स्पेलिंगनं छापून येतं, आणि मार्कशीट एक, पदवी दुसरी असा नवाच घोळ होतो. पदवी प्रमाणपत्र अजून छापलं नसेल तर तुझी वेळ चांगली आहे. डिजिलॉकरचंही त्यासाठीच लिहिलं. परदेशातली विद्यापीठं कागदापेक्षा ऑनलाइन नोंद पडताळतात, तिथं जुनं नाव दिसलं तर नवी मार्कशीटच खोटी वाटेल.

पत्रासोबत दहावी, बारावी आणि जन्मदाखल्याच्या साक्षांकित प्रती, नोंदणी फॉर्मची प्रत, आधारची प्रत आणि सगळ्या मार्कशीटच्या प्रती लाव. फी किती ते परीक्षा विभागात विचारून भर आणि पावतीची प्रतही लाव. चुकीच्या मूळ मार्कशीट परत घेतल्याशिवाय नव्या देत नाहीत, ते बरोबरच आहे. पण त्या देण्याआधी प्रत्येकीचं पुढून-मागून स्वच्छ स्कॅन करून ठेव, आणि मूळ कागद दिल्याची लेखी पोच घे. ती न घेता दिलेल्या मार्कशीट एका ऑफिसात हरवल्या तेव्हा माझ्या भाचीची काय अवस्था झाली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मधल्या काळात त्या मार्कशीटवर ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घेतात तो सरकारी शिक्का, करून घेऊ नकोस. शिक्का त्या कागदावर बसतो. कागद बदलला की तो शिक्काही गेला, आणि पैसेही.

पत्राच्या दोन प्रती ने. एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेऊन परत आण. त्या आवक नंबराशिवाय पुढं तुला कुणी काही सांगू शकणार नाही. पंधरा दिवसांनी त्या नंबरावर चौकशी कर, प्रत्यक्ष जाऊन. फोंड्याहून पणजीला बस, तिथून पठारावर दुसरी, अर्धा दिवस जातो, पण फोनवर या फाईली सापडत नाहीत. दोन-तीनदा जाऊनही हललं नाही तर माहिती अधिकाराखाली अर्ज दे: आवक नंबर अमुक, तारीख तमुक, या अर्जावर काय कार्यवाही झाली आणि फाईल सध्या कुणाच्या टेबलावर आहे. दहा रुपये फी, आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ते भांडणासाठी नव्हे. असल्या अर्जानं अडकलेली फाईल निदान सापडते.

आयर्लंडच्या विद्यापीठाला आताच कळव. पासपोर्टची प्रत, दहावीचं प्रमाणपत्र, ते ‘कार्यवाही चालू आहे’चं पत्र आणि एकच व्यक्ती असल्याचं ॲफिडेव्हिट एकत्र पाठव आणि दुरुस्त मार्कशीट कधीपर्यंत चालतील ते त्यांना विचार. लपवून पाठवलंस आणि त्यांना नंतर दिसलं तर ते प्रश्न विचारतील. आधी सांगितलंस तर तेच तारीख देतील.

नव्या मार्कशीट हातात आल्या की काउंटर सोडू नकोस. प्रत्येकीवरचं आडनाव, तुझं नाव, बाबांचं आणि असेल तर आईचं नाव, पीआर नंबर, आणि विषयांपुढचे गुण जुन्या स्कॅनशी ताडून बघ, कारण पुन्हा छापताना कधी गुणांची ओळही सरकते. सगळं जुळलं की मगच रजिस्टरात सही कर.